चव्वेचाळीस हजार चारशे कुठे गेले?

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्याचं पगारपत्रक गेली काही वर्षं मी करतो. वर्षभराचं काम तसं सरधोपट. जानेवारीत मात्र माझ्या टेबलावर पाकिटांचा ढीग लागतो. एप्रिलमध्ये प्रत्येकाने सांगितलेलं असतं की मी यंदा कर वाचवण्यासाठी एवढे पैसे गुंतवणार. आता त्याच्या पावत्या आणि फॉर्म १२बीबी द्यायचा असतो. त्यावरून मी ठरवतो की कुणाची किती रक्कम मान्य, किती जादा, आणि उरलेल्या दोन पगारांतून किती कर कापायचा.

आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये हे काम पहिल्यांदाच हाताने न करता प्रोग्रामकडून करून घेतलं. प्रोग्राम माझ्या भाच्याने लिहिला. तो इथल्याच कॉलेजात शिकतो आणि रविवारी सकाळी पोहे-जलेबीच्या बोलीवर लॅपटॉप घेऊन आमच्याकडे येतो. त्या महिन्यात एका माणसाची फाइल आम्ही तीनदा काढली आणि तीनदा वेगळं उत्तर आलं. तिन्ही वेळा प्रत्येक ओळ नजरेला बरोबर दिसत होती, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फाइलीतला माणूस

वेल्डिंग शॉपचे सुपरवायझर, वय ४१. आमच्याच गल्लीत राहतात, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना ६०,०००, म्हणजे वर्षाचे ७,२०,०००. बाकीचे भत्ते धरून एकूण पगार १०,८०,०००. घरकर्जाचं व्याज १,६०,००० आहे, त्यामुळे जुनी करपद्धत त्यांना परवडते. नवी पद्धत घेतली असती तर या वर्षी ५२,७८० रुपये कर बसला असता. जुन्यात किती बसतो, ते शेवटी येईलच.

त्यांच्या पाकिटातले आकडे असे. भविष्य निर्वाह निधी ८६,४००. हा आमच्याच पगारपत्रकातून कापला जातो. कंपनी पूर्ण मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर १२ टक्के कापते. जीवन विम्याचा हप्ता ३८,०००. घरकर्जाच्या मुद्दलाची फेड ३०,०००. विमा कंपनीच्या पेन्शन योजनेत २०,०००, ते कलम ८०सीसीसीचं. एनपीएसच्या टियर-१ खात्यात स्वतःहून भरलेले ७०,०००. आरोग्याचं पाकीट निराळं होतं, त्याकडे नंतर येतो.

पहिल्या पाच ओळींची बेरीज २,४४,४०० होते. यातले किती मान्य, एवढाच प्रश्न होता.

पहिली फेरी: प्रत्येक ओळ खरी, बेरीज खोटी

भाच्याने मला विचारलं होतं, "मामा, कुठल्या कलमाला किती मर्यादा ते सांग, बाकी मी बघतो." मी फोनवर सांगितलं, त्याने लिहून घेतलं आणि प्रोग्राम तयार झाला:

```python
LIMITS = {"80C": 150000, "80CCC": 150000,
          "80CCD1": 72000, "80CCD1B": 50000,
          "80D": 75000}

def check(declared):
    out = {}
    for code, amt in declared.items():
        allowed = min(amt, LIMITS.get(code, 0))
        out[code] = (allowed, amt - allowed)
    return out
```

यातले ७२,००० म्हणजे भाऊंच्या ७,२०,००० चे दहा टक्के. नोकरदाराला एनपीएसच्या स्वतःच्या भरण्यावर कलम ८०सीसीडी(१) खाली पगाराच्या दहा टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते, आणि इथे पगार म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. हा आकडा माणसागणिक बदलतो, त्यामुळे तो सर्वांसाठी एकच म्हणून लिहून ठेवायचा नसतो. पण या एका फाइलीपुरता तो बरोबर होता.

उत्तर आलं: निधी, विमा आणि मुद्दल मिळून ८०सीमध्ये १,५४,४०० पैकी १,५०,००० मान्य, ४,४०० जादा. ८०सीसीसीचे २०,००० पूर्ण मान्य. एनपीएसचे ७०,००० पूर्ण मान्य. एकूण मान्य २,४०,०००.

एकेक ओळ घेऊन बसलात तर बोट ठेवायला जागा नाही. ८०सीची मर्यादा दीड लाख, हे पानवालासुद्धा सांगेल. ८०सीसीसीची स्वतःची मर्यादाही दीड लाखच लिहिलेली आहे. सत्तर हजार हे बहात्तरच्या आत आहेत. चूक मला प्रोग्राम वाचून दिसली नाही. निकाल मी फॉर्म १६ च्या मांडणीत बसवून बघत होतो, तेव्हा ती दिसली. त्या फॉर्मच्या भाग बमध्ये ८०सी, ८०सीसीसी आणि ८०सीसीडी(१) या तीन ओळींखाली चौथी ओळ आहे, ती या तिघांच्या बेरजेची. त्या ओळीसमोरच्या मान्य रकमेच्या रकान्यात २,४०,००० येऊन बसले. तिथे दीड लाखाच्या वर आकडा येऊच शकत नाही.

याचं कारण कलम ८०सीसीई. ते स्वतः कुठलीही वजावट देत नाही. ते फक्त म्हणतं की ८०सी, ८०सीसीसी आणि ८०सीसीडी(१) या तिन्हींची बेरीज दीड लाखाच्या वर जाता कामा नये. कर्मचारी या कलमाखाली काहीच जाहीर करत नाही, त्यामुळे घोषणेच्या फॉर्मवर ते दिसत नाही, आणि मी भाच्याला मर्यादांची यादी सांगताना तेच राहून गेलं. तीन भावांची खोली एक, आणि मी प्रत्येकाला वेगळी किल्ली देऊन मोकळा झालो होतो.

दुसरी फेरी: दुरुस्तीने उलटी बाजू मारली

मी चूक सांगितली. भाच्याने तिन्ही कलमांची बेरीज केली आणि तिला दीड लाखाचं कुंपण घातलं. बेरीज २,४४,४००, कुंपण १,५०,०००, मान्य १,५०,०००, जादा ९४,४००.

मी ते जवळजवळ पास करणार होतो. फॉर्म १६ ची बेरजेची ओळ आता जागेवर बसली होती आणि कायद्याच्या बाजूने धोका उरला नव्हता. पगारपत्रक करणाऱ्या माणसाचा स्वभावच असा होतो की आकडा कमी आला की त्याला सुरक्षित वाटतं. कमी मान्य केलं तर कंपनीला कुणी विचारत नाही. विचारतो तो कर्मचारी, आणि तोही कळलं तरच.

भाऊंना कळलं. मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दादा, एनपीएस मी पन्नास हजार वेगळे मिळतात म्हणूनच उघडलं होतं. ते कुठे गेले?"

ते कुठेच गेले नव्हते, कारण ते कुणी मागितलेच नव्हते. त्यांनी घोषणेत एनपीएसच्या एकाच ओळीत ७०,००० लिहिले होते आणि ती ओळ आमच्याकडे ८०सीसीडी(१) या नावाने होती. कलम ८०सीसीडी(१बी) खाली मिळणारे जास्तीचे ५०,००० दीड लाखाच्या कुंपणाबाहेर असतात. पण आमच्या यादीत त्या नावाची ओळ रिकामी राहिली. कर्मचारी पैसे भरतो एका खात्यात, पावती मिळते एक. त्यातले किती कुठल्या पोटकलमात घालायचे, हे पावतीवर लिहिलेलं नसतं. ते ठरवणं हिशेब करणाऱ्याचं काम आहे.

ही वाटणी कशी करायची, यावर आम्ही एक रविवार घालवला. कायदा दोन गोष्टी सांगतो. ८०सीसीडी(१) खाली काही घेतलं असो वा नसो, (१बी) खाली पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. आणि एकच रुपया दोन्हीकडे मोजता येत नाही. म्हणून एनपीएसचे पैसे आधी (१बी) मध्ये घालायचे, पन्नास हजार भरले की उरलेले (१) मध्ये, आणि तिथे दोन कुंपणं लागतात: पगाराचे दहा टक्के, आणि दीड लाखातली शिल्लक जागा. (१) आधी भरलं तरी चालतं असं वाटू शकतं, पण मग एनपीएस त्या दीड लाखात शिरून भविष्य निर्वाह निधीला किंवा घरकर्जाच्या मुद्दलाला बाहेर ढकलू शकतं, आणि त्यांना जायला दुसरी जागा नाही. एनपीएसला आहे.

```python
def take(amount, room):
    ok = min(amount, max(room, 0))
    return ok, amount - ok

def nps(paid, own_cap, room):
    b, rest = take(paid, 50000)
    one, over = take(rest, min(own_cap, room))
    return b, one, over
```

`room` म्हणजे ८०सी आणि ८०सीसीसी भरून झाल्यावर दीड लाखात उरलेली जागा. भाऊंच्या बाबतीत ती शून्य आहे. त्यामुळे ७०,००० पैकी (१बी) मध्ये ५०,०००, (१) मध्ये काही नाही, आणि २०,००० जादा.

विम्याचा हप्ता आणि 'जादा' या शब्दाचा घोळ

आता ८०सीच्या आत जाऊ या. तोवर आम्ही ८०सीची एकच रक्कम घेत होतो. पण आतल्या काही ओळींना स्वतःची मर्यादा असते, आणि ती सगळ्यात आधी लावावी लागते. भाऊंची विमा पॉलिसी २०१६ ची. १ एप्रिल २०१२ ला किंवा त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीवर विमा रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंतचाच हप्ता ८०सीला चालतो. त्यांची विमा रक्कम ३,००,०००, म्हणून ३०,०००. भरलेला हप्ता ३८,०००. आठ हजार इथेच गळाले. (त्या तारखेआधीच्या पॉलिसीला ही मर्यादा वीस टक्के आहे. म्हणून पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत मागवावी लागते; नुसत्या हप्त्याच्या पावतीवरून विमा रक्कम आणि सुरुवातीची तारीख दोन्ही हमखास कळतीलच असं नाही.)

मग पाच ओळी अशा लागल्या. निधीचे ८६,४०० पूर्ण. विम्याचे ३०,०००. मुद्दलाचे ३०,०००. इथवर १,४६,४०० झाले, म्हणजे जागा उरली ३,६००. पेन्शन योजनेच्या २०,००० पैकी तेवढेच बसले, १६,४०० जादा. एनपीएसचे वर सांगितलेले ५०,००० मान्य, २०,००० जादा. एकूण मान्य २,००,०००. जादा ८,००० अधिक १६,४०० अधिक २०,०००, म्हणजे ४४,४००. शीर्षकातला आकडा तो हा.

भाऊंना हा तक्ता दिला तर त्यांनी विचारलं, "पेन्शन योजनेत काही खोट आहे का? तिचेच एवढे का कापले?" प्रश्न रास्त होता. योजनेत खोट काही नाही. ती रांगेत चौथी उभी होती, एवढंच. तिला पहिली उभी केली असती तर तिचे वीस हजार पूर्ण मान्य झाले असते आणि तेवढेच १६,४०० घरकर्जाच्या मुद्दलासमोर जादा दिसले असते. एकूण मान्य रक्कम तीच राहते. म्हणजे ओळीसमोरच्या 'जादा'चे दोन वेगळे अर्थ असतात. विम्याचे ८,००० हे त्या पॉलिसीचे स्वतःचे जादा आहेत. बाकी सगळं शून्य असतं तरी ते बसले नसते. पेन्शनचे १६,४०० हे सामाईक खोलीत जागा नसल्याचे आहेत. कर्मचाऱ्याने पुढच्या वर्षी काय बदलावं, याचं उत्तर दोन्हींत निरनिराळं आहे. म्हणून आम्ही 'जादा'चे दोन रकाने केले: स्वतःच्या मर्यादेबाहेर, आणि सामाईक मर्यादेबाहेर.

जादा रक्कम सगळ्या ओळींवर प्रमाणात वाटावी, असंही भाच्याने सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. मग प्रत्येक ओळीसमोर रुपये-पैशांतला विचित्र आकडा येतो आणि तो कुठल्याच पावतीशी जुळत नाही. एक रांग ठरवायची आणि सगळ्यांना तीच लावायची. आमची रांग अशी: आधी जे माणसाच्या हातात नाही ते, म्हणजे निधी; मग विमा आणि मुद्दल; मग पेन्शन योजना; शेवटी एनपीएसची (१) मध्ये येणारी रक्कम. रांग तक्त्याच्या तळाशी लिहूनही देतो, नाहीतर पेन्शन योजनेच्या एजंटला उगाच फोन जातात.

तिसरी फेरी: उणे चार हजार चारशे

ओळी वेगळ्या करताना भाच्याने एक लहानशी चूक केली. उरलेली जागा कमी करताना त्याने मान्य रक्कम वजा करायच्या ऐवजी जाहीर केलेली रक्कम वजा केली, आणि शून्याच्या खाली जाऊ नये म्हणून घातलेला `max` तेव्हा त्या ओळीत नव्हता. विम्याचे ३०,००० मान्य झाले, पण जागा ३८,००० ने घटली. त्यामुळे मुद्दलाला २५,६०० च मिळाले आणि जागा उणे ४,४०० वर गेली. मग पेन्शन योजनेसमोर मान्य रक्कम आली उणे ४,४००, आणि जादा २४,४००. एनपीएसच्या वीस हजारांसमोर आली उणे २४,४००, जादा ४४,४००. दीड लाखाच्या गटातली एकूण मान्य रक्कम १,१३,२०० झाली.

गंमत म्हणजे आमची एक तपासणी यातून सहज पास झाली होती. प्रत्येक ओळीत मान्य अधिक जादा बरोबर जाहीर, हे आम्ही आधीच तपासत होतो. उणे ४,४०० अधिक २४,४०० म्हणजे बरोबर २०,०००. समीकरण बसलं! त्या दिवसापासून दुसरी अट घातली: मान्य रक्कम शून्यापेक्षा कमी नाही, आणि जादा रक्कम जाहीर केलेल्या रकमेपेक्षा मोठी नाही.

ही चूक ज्या तपासणीने खरी पकडली ती मला सगळ्यात आवडते, कारण तिला कायद्याचं काहीच ज्ञान लागत नाही. ओळींचा क्रम उलटसुलट करून प्रोग्राम पुन्हा चालवायचा. जादा रक्कम कुठल्या ओळीसमोर दिसते ते बदलेल, पण गटाची एकूण मान्य रक्कम बदलता कामा नये. भाच्याच्या तिसऱ्या आवृत्तीत विमा शेवटी टाकला की एकूण रक्कम लगेच वेगळी येत होती. बेरीज क्रमावर अवलंबून राहिली की समजायचं, कुठेतरी जागा चुकीची मोजली जाते आहे.

पहिल्या प्रोग्राममधल्या `LIMITS.get(code, 0)` बद्दलही इथेच बोलतो. एका बाईंच्या फाइलीत एनपीएसचं नाव `80CCD(1B)` असं कंसासकट आलं होतं, आमच्या यादीत ते `80CCD1B` होतं. नाव सापडलं नाही, मर्यादा शून्य धरली गेली आणि त्यांचे सगळेच्या सगळे पैसे गुपचूप जादा झाले. कुठे लाल अक्षर नाही, काही नाही. आता अनोळखी नाव आलं की प्रोग्राम थांबतो आणि नाव दाखवतो. शून्य ही मर्यादा नसते, ती फक्त मर्यादेसारखी दिसते.

आरोग्याचं पाकीट

८०डी मध्ये भाऊंनी एकूण ५९,००० लिहिले होते. पहिल्या प्रोग्रामने ते ७५,००० च्या आत म्हणून पूर्ण मान्य केले. तो ७५,००० चा आकडा माझाच: स्वतःचे पंचवीस आणि साठीपुढच्या आईवडिलांचे पन्नास, अशी बेरीज करून मी तो सांगितला होता. पण हे दोन कप्पे आहेत आणि एका कप्प्यातली रिकामी जागा दुसऱ्याला देता येत नाही.

पाकीट उघडलं. स्वतः, पत्नी आणि मुलगी यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता २२,०००. तिघांच्या आरोग्य तपासणीचे ६,०००. आईच्या औषधोपचाराचे ३१,०००. आईचं वय ७१, त्यांच्या नावावर आरोग्य विमा नाही.

तपासणीच्या खर्चाला स्वतःची मर्यादा ५,०००, आणि ते पाच हजार पंचवीसच्या आतलेच असतात, वरचे नव्हेत. म्हणून एक हजार आधीच गळाले. २२,००० अधिक ५,००० म्हणजे २७,०००; कप्पा २५,००० चा; आणखी दोन हजार गेले. तीन हजार जादा.

आईचा खर्च वेगळ्या कारणाने अडला. साठी ओलांडलेल्या आणि विमा नसलेल्या पालकाच्या उपचाराचा खर्च ५०,००० पर्यंत चालतो, त्यामुळे ३१,००० मर्यादेत होते. पण त्यातली ९,००० ची बिलं रोखीने भरलेली होती, आणि ८०डी मध्ये आरोग्य तपासणी सोडली तर रोख पैसे चालत नाहीत. हे नऊ हजार 'जादा' म्हणायचे का? मला ते पटलं नाही. जादा म्हटलं की माणसाला वाटतं मर्यादा संपली, आणि तो पुढच्या वर्षी आईच्या औषधांची बिलं द्यायचंच सोडून देतो. खरं तर कप्प्यात अजून २८,००० ची जागा होती. म्हणून तिसरा रकाना केला, 'अपात्र', आणि त्यापुढे कारण: रोख. मर्यादा लावण्याआधी अपात्र रक्कम बाजूला काढायची, नाहीतर ती जागा खाते.

८०डी चे मान्य झाले २५,००० अधिक २२,०००, म्हणजे ४७,०००.

नवी करपद्धत निवडलेल्यांनाही हाच रकाना उपयोगी पडला. त्यांच्या ८०सी आणि ८०डी च्या सगळ्या रकमा आम्ही अपात्र दाखवतो, कारण 'नवी पद्धत'. पूर्वी त्या जादा म्हणून दिसायच्या आणि दीड लाख भरलेला माणूस विचारायचा की माझं नेमकं कशात जास्त झालं. नव्या पद्धतीत कंपनीने एनपीएसमध्ये भरलेला वाटा, ८०सीसीडी(२), तेवढा चालू राहतो.

शेवटचा हिशेब

| | जाहीर | मान्य | स्वतःच्या मर्यादेबाहेर | सामाईक मर्यादेबाहेर | अपात्र |
|---|---|---|---|---|---|
| भविष्य निर्वाह निधी | ८६,४०० | ८६,४०० | ० | ० | ० |
| जीवन विमा | ३८,००० | ३०,००० | ८,००० | ० | ० |
| घरकर्ज मुद्दल | ३०,००० | ३०,००० | ० | ० | ० |
| पेन्शन योजना | २०,००० | ३,६०० | ० | १६,४०० | ० |
| एनपीएस | ७०,००० | ५०,००० | ० | २०,००० | ० |
| ८०डी, कुटुंबाचा हप्ता | २२,००० | २२,००० | ० | ० | ० |
| ८०डी, तपासणी | ६,००० | ३,००० | १,००० | २,००० | ० |
| ८०डी, आईचे उपचार | ३१,००० | २२,००० | ० | ० | ९,००० |

१०,८०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, घरकर्जाचं व्याज १,६०,०००, वरचे २,००,००० आणि ४७,००० काढले की उरतात ६,२०,५००. उपकर धरून कर ३८,०६४. पहिल्या प्रोग्रामवर विसंबलो असतो तर उत्पन्न ५,६८,५०० आणि कर २७,२४८ निघाला असता, म्हणजे १०,८१६ रुपये कमी कापले गेले असते आणि जूनमध्ये फॉर्म १६ काढताना ते उघडं पडलं असतं. दुसऱ्या प्रोग्रामने एनपीएसचे पन्नास हजार गिळले, त्यात भाऊंचे १०,४०० जास्त कापले गेले असते. दोन्ही आकडे जवळपास सारखे. फरक एवढाच की पहिल्यात नोटीस कंपनीला आली असती, दुसऱ्यात कुणालाच नाही.

मर्यादांचा तक्ता आता प्रोग्रामच्या बाहेर, वर्षाच्या नावाने ठेवला आहे. दीड लाखाचा आकडा २०१४-१५ पासून तोच आहे म्हणून तो लिहून टाकायचा मोह होतो. पण १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांकच बदललेत. जुन्या ८०सीचा विषय तिथे कलम १२३ मध्ये आहे. नाव बदललं की पुन्हा `get` चा तोच घोळ.

भाऊंना मी एप्रिलमध्येच दोन गोष्टी सांगितल्या. एनपीएसमध्ये कर वाचवायला म्हणून पन्नास हजारांच्या वर स्वतःहून भरू नका. तुमचा निधी, मुद्दल आणि विमा मिळून दीड लाख जवळजवळ भरतात. वर भरायचेच असतील तर पगाराची रचना बदलून कंपनीच्या वाट्यातून भरता येतात का ते विचारा, तो वाटा दीड लाखाबाहेर आहे. आणि आईची औषधं यूपीआयने घ्या. दुसरी गोष्ट त्यांनी लगेच मानली. पहिलीवर म्हणाले, "पेन्शन योजना माझ्या साडूने दिली आहे, ती कशी बंद करू?" त्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.